फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं: चार पानांचं उत्तर बांधायचं कसं?

शहाद्याची_वाचक

नमस्कार मंडळी. मी एम. ए. इतिहास, पहिल्या वर्षाला आहे. सराव परीक्षेत 20 गुणांचा प्रश्न आला होता: "1789 च्या फ्रेंच राज्यक्रांतीचे मूळ कारण राज्याची आर्थिक दिवाळखोरी हे होते. या विधानाचे समीक्षण करा." चार पानं भरून लिहिलं, 9 गुण मिळाले. शेरा होता: "माहिती आहे, उत्तर नाही."

माझे मथळे राजकीय, सामाजिक, आर्थिक, वैचारिक आणि तात्कालिक कारणे असे होते. त्यातला आर्थिक परिच्छेद जसाच्या तसा देते:

"फ्रान्सची आर्थिक स्थिती बिकट होती. लुई सोळावा उधळ्या होता. राणी मेरी अँटोनेट चैनीत राहत असे. सप्तवार्षिक युद्ध व अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात मोठा खर्च झाला. शेतकऱ्यांवर जमीन कर, मिठाचा कर, चर्चचा दशांश असे अनेक कर होते. त्यामुळे जनतेत असंतोष पसरला व क्रांती झाली."

यात नेमकं काय कमी आहे? आणखी माहिती घालायची, की वेगळंच काही करायचं?

केळीपट्टा_रावेर

ताई, तू आठे इचारं ते बरं करं. मी बी. ए. ला इतिहासच घेतला होता. आमचं सूत्र सोपं होतं: पाच मथळे, प्रत्येकाखाली पाच मुद्दे, मथळ्याला अधोरेखा. तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो, त्याला मुद्दे दिसले पाहिजेत. तुझे मथळे बरोबरच आहेत, मजकूर थोडा वाढव. मीठ कराचे तपशील, रूसो, व्हॉल्तेअर, माँतेस्क्यू यांची एकेक ओळ, आणि राणीचं ते "भाकरी नसेल तर केक खा" टाकलंस की परिच्छेद जिवंत होतो. शेवटी "अशा प्रकारे अनेक कारणांमुळे क्रांती झाली" असा समारोप.

अमळनेरचा_निवृत्त_मास्तर

बेटा, तुझ्या त्या शेऱ्यात सगळं आलं आहे. रावेरच्या भाऊंची एक गोष्ट खरी, की तपासणाऱ्याला उत्तराचा सांगाडा पहिल्या नजरेत दिसला पाहिजे. पण पाच मथळ्यांचा सांगाडा वेगळ्याच प्रश्नाचा आहे. "कारणे सांगा" असं विचारलं असतं तर तो चालला असता. इथे तुझ्यापुढे एक दावा ठेवलाय, की दिवाळखोरी हे बाकी सगळ्यांच्या वरचं कारण. तो तोलायचा आहे. तू पाच कारणं शेजारी शेजारी ठेवलीस, एकदाही तराजू उचलला नाहीस.

एक परीक्षा घरी करून पाहा. तुझे पाच परिच्छेद उलटसुलट क्रमाने वाच. काहीच बिघडलं नाही ना? मग ती यादी आहे. युक्तिवाद असता तर तिसरा परिच्छेद दुसऱ्याच्या आधी ठेवल्यावर अडला असता.

आता तुझा आर्थिक परिच्छेद घेऊ. शेवटच्या वाक्यात "असंतोष पसरला व क्रांती झाली" असं आहे. अख्खं उत्तर त्या "व" मध्ये दडलंय आणि ते तू लिहिलेलंच नाहीस. असंतोष फ्रान्समध्ये शंभर वर्षं होता. 1789 लाच का?

राणीची चैन खोटी नव्हती, पण तिचं वजन किती? 1788 च्या हिशेबात राज्याचा खर्च सुमारे 63 कोटी लिव्र आणि जमा सुमारे 50 कोटी. खर्चातला जवळजवळ निम्मा पैसा जुन्या कर्जाच्या व्याजात आणि परतफेडीत जात होता. दरबाराचा वाटा साधारण सहा टक्के. आता हेच आकडे कामाला लाव:

"1788 मध्ये राज्याच्या खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग कर्जापोटी जात होता, तर दरबारावर साधारण सहा टक्केच खर्च होत होता. म्हणजे राजवाड्यातली काटकसर ही तूट भरून काढू शकत नव्हती. नवे उत्पन्न हवे होते, आणि ते आजवर करात सवलत भोगणाऱ्या उमराव व धर्मगुरूंकडूनच येऊ शकत होते. त्यामुळे पैशाचा प्रश्न विशेषाधिकारांचा प्रश्न बनला."

चारच वाक्यं आहेत. शेवटचं वाक्य पुढच्या परिच्छेदाचं दार उघडतं. तुझ्या परिच्छेदात यापेक्षा जास्त माहिती होती, पण तिच्यातून काही निघत नव्हतं.

केकचं वाक्य मात्र घेऊ नकोस. ते राणी बोलल्याचा पुरावा नाही. तपासणारा जाणकार असेल तर तेवढ्या एका ओळीने बाकीच्या पुराव्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

धुळ्याचा_पालक

सर, माझा मुलगा यंदा दहावीला आहे. त्याला चार गुणांना किती ओळी लिहायच्या ते सांगाल का? आणि हे तयार उत्तर टाकून दिलंत तर छापून घेतो.

अमळनेरचा_निवृत्त_मास्तर

भाऊ, दहावीच्या चार गुणांना आठ-दहा ओळी पुष्कळ झाल्या, आणि तिथे दावा तोलायला सांगत नाहीत, नेमके मुद्दे पुरतात. इथला प्रश्न वेगळा आहे. तयार उत्तर देणार नाही. पुढच्या वेळी दावा "मूळ कारण प्रबोधन होते" असा आला की ते उत्तर निरुपयोगी होतं.

नंदुरबार_स्पर्धापरीक्षा

सर, मी इतिहास वैकल्पिक विषय घेऊन तयारी करतोय. एक शंका. "समीक्षण करा" म्हटलं की विधान खोडायचंच का? आमच्या क्लासमध्ये सांगतात की अर्धं उत्तर बाजूने, अर्धं विरोधात आणि शेवटी मधला मार्ग.

अमळनेरचा_निवृत्त_मास्तर

खोडायचं असं नाही, आणि अर्धं-अर्धंही नाही. अर्धं-अर्धं लिहिणारा शेवटी कुठेच पोहोचत नाही, कारण दोन्ही अर्धे एकमेकांशी बोलत नाहीत. विधान कुठवर खरं आहे आणि कुठे संपतं, ते दाखवायचं.

इथे ती हद्द बरीच स्पष्ट सापडते. ब्रिटन बघा. अमेरिकेच्या त्याच युद्धानंतर ब्रिटनच्या डोक्यावरही प्रचंड कर्ज होतं. क्रांती झाली नाही. तिथे संसद कर मंजूर करत होती, त्यामुळे पैसे देणाऱ्यांना परतफेडीची खात्री होती आणि कर्ज कमी व्याजाने मिळत होतं. फ्रान्समध्ये राजाला नव्या करासाठी संमती द्यायला असं कायमचं प्रातिनिधिक सभागृहच नव्हतं. म्हणजे कर्जाने संकट आणलं, पण ते संकट राज्यव्यवस्थेला पेललं नाही याचं कारण कर्जाच्या बाहेर आहे.

ही तुलना उत्तरात तीन ओळींची. पण ती आली की विधान तपासलं जातं. प्रत्येक कारणाला हाच प्रश्न विचारा: हे कारण हजर असूनही क्रांती झाली नाही, असं कुठे किंवा केव्हा घडलं?

चोपड्याचा_भूमिपुत्र

मास्तर, मग आपल्याकडचंच विचारतो. 1852 ला सावदा, रावेर, चोपडा या भागात सरकारी जमीन मोजणीच्या विरोधात शेतकरी उठले होते. आमच्या घरी थोरली माणसं ही गोष्ट सांगायची. कराचा जाच होता, माणसं एकत्र आली होती, मग तिथे क्रांती का नाही झाली? आणि आज कापसाला भाव मिळत नाही, कर्ज आहे, तरी काही होत नाही. हे फ्रान्सवाले आपल्यापेक्षा वेगळे होते का? मला वाटतं ही तुलना उत्तरात टाकली तर खान्देशच्या मुलीचं उत्तर उठून दिसेल.

अमळनेरचा_निवृत्त_मास्तर

भाऊ, उत्तरात टाकू नका. फ्रान्सच्या प्रश्नात 1852 चा खान्देश आला की तपासणारा म्हणेल विषयांतर. पण स्वतःची समज पक्की करायला तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे.

इथल्या लोकांचा राग खरा होता. पण सरकारची फौज शाबूत होती, तिजोरी शाबूत होती आणि राज्यकर्त्यांच्या आपसात फूट नव्हती. बंदोबस्त झाला, म्होरके पकडले, उठाव थांबला. 1788-89 च्या फ्रान्समध्ये या तिन्ही गोष्टी उलट होत्या. म्हणून खालच्या लोकांच्या हालांची यादी कितीही लांबवली तरी क्रांतीचं स्पष्टीकरण होत नाही. वर काय तुटत होतं ते सांगावंच लागतं. कापसाच्या भावाचं दुःख मला कळतं, पण त्याचं उत्तर या धाग्यात मावणार नाही.

शहाद्याची_वाचक

सर, हे "वर काय तुटत होतं" जरा उलगडाल का? आमच्या नोट्समध्ये 1774 ला लुई गादीवर आला आणि मग थेट बॅस्तियच्या तुरुंगावरचा हल्ला असंच आहे.

अमळनेरचा_निवृत्त_मास्तर

तीच तर बहुतेक उत्तरांतली पोकळी आहे. नीट सांगतो, कारण तुझ्या उत्तराचा कणा इथे आहे.

ऑगस्ट 1786 मध्ये अर्थमंत्री कालोनने राजाला सांगितलं की आता कर्ज काढून भागणार नाही. त्याची मुख्य सूचना होती सगळ्या जमीनमालकांवर सारखा कर, उमराव असो की चर्च. संमतीसाठी फेब्रुवारी 1787 मध्ये प्रतिष्ठितांची सभा बोलावली. ही सगळी निवडून निवडून बोलावलेली वरची माणसं. त्यांनीच आधी हिशेब मागितला आणि मान्यता दिली नाही. एप्रिलमध्ये कालोन गेला. ब्रिएन आला, त्याने साधारण तेच पुढे रेटलं, तर पॅरिसचं पार्लमां आडवं आलं. पार्लमां म्हणजे संसद नव्हे, राजाचे हुकूम नोंदवून घेणारं उच्च न्यायपीठ. ते म्हणालं की नवा कायमचा कर मंजूर करायचा अधिकार फक्त एस्टेट्स जनरलला, म्हणजे धर्मगुरू, उमराव आणि बाकी सगळे अशा तीन वर्गांच्या प्रतिनिधींच्या सभेला. ती शेवटची भरली होती 1614 ला. ऑगस्ट 1788 मध्ये सरकारला ती पुढच्या मे महिन्यात बोलावत असल्याचं जाहीर करावं लागलं आणि त्याच महिन्यात तिजोरीला रोखीने देणी देणं थांबवावं लागलं.

इथवर पाहा, बेटा, हा राजा विरुद्ध उमराव असा तंटा आहे. सामान्य लोक तर पार्लमांच्याच बाजूने होते. क्रांतीचा मागमूस नाही.

मग 25 सप्टेंबर 1788 ला त्याच पार्लमांने निर्णय दिला की एस्टेट्स जनरल 1614 च्याच पद्धतीने भरेल. त्या पद्धतीने तिन्ही वर्ग वेगळे बसले की एकेका वर्गाला एकेक मत पडणार आणि धर्मगुरू व उमराव मिळून तिसऱ्या वर्गाला कायम हरवणार. त्या एका निर्णयाने भांडणाच्या बाजू बदलल्या. कालपर्यंत पार्लमांचा जयजयकार करणारे वकील आणि शिकलेले लोक विरोधात गेले. डिसेंबरात राजाने तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी दुप्पट केले, पण मतदान डोकी मोजून की वर्गवार, हे ठरवलंच नाही. तो न सुटलेला प्रश्न घेऊन लोक 5 मे 1789 ला व्हर्सायला जमले आणि 17 जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं.

म्हणून माझा दावा असा लिहिला असता: "दिवाळखोरीमुळे जुनी व्यवस्था बदलणे अटळ झाले, पण बदलाचे रूपांतर क्रांतीत झाले ते विशेषाधिकारांवर तडजोड न झाल्यामुळे." हे वाक्य उत्तराच्या पहिल्या पाच ओळींत आलं पाहिजे. फ्रान्सची भौगोलिक माहिती, लोकसंख्या, "मानवी इतिहासातील महत्त्वाची घटना" वगैरे काही नको.

केळीपट्टा_रावेर

सर, तुमचं पटतंय, पण माझी एक गोष्ट तुम्ही बाजूला टाकताय. सगळे तपासणारे तुमच्यासारखे नसतात. आमच्याकडे आदर्श उत्तरपत्रिकेत मुद्दे असतात आणि मुद्द्याला गुण. मथळे काढून टाकले आणि तपासणाऱ्याला मुद्दा दिसला नाही तर पोरगीचं नुकसान. आणि भुकेचं काय? तुमच्या सगळ्या गोष्टीत मंत्री आणि वकीलच आहेत. बॅस्तियवर काय वकील चालून गेले?

अमळनेरचा_निवृत्त_मास्तर

दोन्ही हरकती रास्त आहेत.

मथळे ठेवायला हरकत नाही, पण मथळाच विधान करून टाका. "आर्थिक कारणे" याऐवजी "दिवाळखोरीने सुधारणा अटळ केली". "सामाजिक कारणे" याऐवजी "विशेषाधिकारांनी सुधारणा अडवली". मुद्दे शोधणाऱ्याला मुद्दा मिळतो आणि युक्तिवाद शोधणाऱ्याला युक्तिवाद. मग फक्त मथळे ओळीने वाचायचे. त्यातून सलग बोलणं तयार होत असेल तर उत्तर उभं आहे.

भूक हवीच. 13 जुलै 1788 ला गारपीट झाली, पीक बुडालं, पाठोपाठ भयंकर हिवाळा. पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव एरवी आठ-नऊ सूला मिळायचा, तो फेब्रुवारी 1789 पर्यंत साडेचौदा सूवर गेला. मजुराची रोजी वीस ते तीस सू. बायकापोरं असलेल्या माणसाला पावापलीकडे फार काही उरत नव्हतं. पण तोच प्रश्न इथेही विचारा. 1775 मध्ये याच राजाच्या काळात धान्य महागलं, पॅरिसच्या आसपास दंगली झाल्या. सैन्य उतरलं, दंगली मोडल्या. 14 जुलै 1789 ला मात्र राजाचेच फ्रेंच गार्ड शिपाई लोकांच्या बाजूने बॅस्तियवर होते, आणि लोकांसमोर तोपर्यंत राष्ट्रीय सभा उभी होती, जिच्यासाठी उठायचं. म्हणून भुकेचा परिच्छेद विशेषाधिकारांच्या परिच्छेदानंतरच येतो. आधी आला तर 1775 ला क्रांती का झाली नाही याचं उत्तर देता येत नाही.

नंदुरबार_स्पर्धापरीक्षा

आणि प्रबोधन? मला वाटतं तुम्ही विचारांना फार खाली ढकलताय, सर. 1614 ला तीच मतदानपद्धत लोकांनी चालवून घेतली होती. 1788 ला चालली नाही. मधल्या काळात डोकी बदलली म्हणूनच ना? जानेवारी 1789 मध्ये सिएयेस या धर्मगुरूने तिसरा वर्ग म्हणजेच संपूर्ण राष्ट्र असं मांडलं. ही भाषा भुकेतून किंवा तुटीतून येत नाही.

अमळनेरचा_निवृत्त_मास्तर

हरकत वजनदार आहे. माझी अडचण पुराव्याची आहे. 1789 च्या वसंतात गावोगावी लिहिलेल्या तक्रारींच्या वह्या पाहिल्या तर त्यांत राजाबद्दल निष्ठा आहे, कराच्या आणि जमीनदारी हक्कांच्या तक्रारी आहेत, राजेशाही संपवा असं नाही. विचारांनी क्रांती मागितली असं म्हणता येत नाही. तंटा पेटल्यावर त्यांनी त्याला बोलायला शब्द दिले, एवढं मी मानतो. म्हणून वेगळा परिच्छेद न करता सिएयेसला सप्टेंबर 1788 च्या निर्णयाला जोडून घेतो.

नंदुरबार_स्पर्धापरीक्षा

गावच्या वह्यांतून शेतकऱ्याचं मन कळतं. व्हर्सायला निवडून गेले ते बहुतेक वकील आणि अधिकारी, आणि 17 जूनचा ठराव त्यांनी केला. त्यांच्या डोक्यात काय होतं ते गावच्या वहीत सापडणार नाही. मी माझ्या उत्तरात विचारांना वेगळा परिच्छेद देणार.

अमळनेरचा_निवृत्त_मास्तर

द्या. पुरावा असाच प्रतिनिधींच्या बोलण्यातला द्या, व्हॉल्तेअर-रूसोच्या नावांची माळ नको. मग माझ्याशी न जुळणारं उत्तरही चांगलंच ठरेल. इतिहासकारांचंही यावर एकमत नाही. लफेव्रने वर्गसंघर्षावर भर दिला, फ्युरेने राजकीय विचार आणि भाषेवर. ही नावं घ्यायची तर त्यांच्या मताने तुमचा कोणता परिच्छेद भक्कम होतो ते लिहून घ्या.

शहाद्याची_वाचक

सर्वांचे आभार. रात्री बसून समारोप नव्याने लिहिला. बघाल का?

"दिवाळखोरी नसती तर 1789 मध्ये एस्टेट्स जनरल भरलीच नसती, त्या अर्थाने विधान खरे आहे. पण तेवढेच कर्ज ब्रिटनने पेलले, आणि फ्रान्सचा राजा व उमराव यांच्यात ऑगस्ट 1788 पर्यंत चाललेला तंटा क्रांतिकारक नव्हता. सप्टेंबर 1788 नंतर विशेषाधिकारांच्या प्रश्नाने त्याला क्रांतीचे रूप दिले व महागाईने त्यामागे पॅरिसची जनता उभी केली. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रामीण भागात 'महाभय' पसरले व सरंजामी हक्कांची कागदपत्रे जाळली गेली. म्हणून दिवाळखोरी हे क्रांतीच्या सुरुवातीचे कारण होते, तिच्या स्वरूपाचे नव्हे. तरीही सर्वच कारणे महत्त्वाची आहेत."

वेळेचंही सांगा. एका प्रश्नाला जेमतेम 40 मिनिटं मिळतात.

अमळनेरचा_निवृत्त_मास्तर

"सुरुवातीचे कारण, स्वरूपाचे नव्हे" हे वाक्य तुझं स्वतःचं आहे आणि ते उत्तम आहे. त्यावरच थांब. शेवटचं वाक्य काढून टाक, ते तू केलेला निवाडा मागे घेतं. महाभयाचं वाक्यही इथून उचल, समारोपात नवा पुरावा आला की तो तपासायला जागाच उरत नाही. ठेवायचंच तर भुकेच्या परिच्छेदात ने, गावांतला राग पॅरिसपुरता नव्हता हे दाखवायला. आणि "तेवढेच कर्ज" ऐवजी "तसेच मोठे कर्ज" लिही. दोन्ही देशांच्या रकमा सारख्या होत्या असा दावा आपण कुठे केलेला नाही.

वेळ अशी वाट: पहिली पाच मिनिटं मागच्या पानावर फक्त चार मथळे आणि प्रत्येकापुढे एक पुरावा. मग कर्जाला सात-आठ मिनिटं, 1786 ते 1789 च्या तंट्याला बारा, भुकेला सात. समारोपाला पाच ठेव, उरलेला वेळ वाचायला. तंट्याचा परिच्छेद सगळ्यात लांब झाला तर बिचकू नकोस. तुझा दावा त्याच्यावर टेकलाय.

केळीपट्टा_रावेर

ताई, अख्खं उत्तर लिहून झालं की इथेच टाक. मी मथळे तेवढे आधी वाचून सांगतो, सलग लागतात का ते.